पहाटे पाचचा चहा किती अंशांचा?

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरच्या शाहूपुरीत भांड्यांचं दुकान चालवतो. दिवाळी उलटल्यावर तो घरी आला आणि म्हणाला, "सर, फ्लास्कची जाहिरात करायची आहे. नुसता भाव आणि फोटो नको, छोटीशी गोष्ट हवी. रात्रपाळीत चहा विकणारा एक माणूस आहे, आणि त्याच्या फ्लास्कमधला चहा कधीच थंड होत नाही, एवढंच. दीडशे शब्द पुरेत."

मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे 'कधीच' हा शब्द घशाखाली उतरेना. पण त्याची कल्पना मला आवडली, कारण असा माणूस खरोखरच माझ्या माहितीत होता. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या फाटकाशी ते रात्री अकरा ते सकाळी सहा चहा विकतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी ठरवलं, गोष्ट लिहीन, पण आधी त्यांच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर घालून बघीन. विद्यार्थ्याने मामांच्या फ्लास्कसारखाच एक नवा फ्लास्क सोबत दिला: तीन लिटरचा, स्टीलचा, दुहेरी भिंतीचा.

डिसेंबरची रात्र होती. रात्रभर हवा १६ अंशांच्या आसपास राहिली. मामांच्या गाडीवर चार फ्लास्क आणि एका बादलीत विसळायचं पाणी. चहा ते घरून करून आणतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे इथं पाणी १०० नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळलेला चहा गाळायचा, फ्लास्कमध्ये भरायचा, गाडी मारत शिरोलीपर्यंत यायचं, एवढ्यात दहाएक अंश जातात. अकरा वाजता मी काडी बुडवली तेव्हा आकडा ८८ होता.

"आधीचा फ्लास्क काचेचा होता," मामा म्हणाले. "दिसायला झ्याक. आतनं आरशागत चमकायचा. पण एकच्या पुढं चहा कोमट. आणि आमचं कुत्रं सारखं त्येला टेकून झोपायचं. ह्या नव्याजवळ फिरकत बी न्हाई."

एवढ्या नेमकेपणाने फ्लास्कचा बिघाड मला आजवर कुणी सांगितलेला नाही. ते कुत्रं काय शोधत होतं, हे कळलं की फ्लास्कचं सगळं काम कळतं.

फौंड्रीच्या फाटकात उभं राहिलं की आत ओतकाम दिसतं. वितळलेलं लोखंड लाडलमधून साच्यात ओततात. तापमान १४०० अंशांच्या घरात. तुम्ही पंधरा-वीस फुटांवर उभे असता, मधली हवा थंडच असते, तरी तोंडावर चटका बसतो. कुणीतरी मध्ये आडवं आलं की चटका त्याच क्षणी थांबतो. ही उष्णता हवेतून वाहत आलेली नसते. ती उजेडासारखी सरळ रेषेत येते, आणि तिला वाटेत काहीही लागत नाही. हिला आपण प्रारण म्हणतो. सूर्याची उष्णता कोट्यवधी किलोमीटरची पोकळी ओलांडून आपल्यापर्यंत अशीच पोचते.

आता ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की चहासुद्धा हेच करत असतो. ८० अंशांचा चहा डोळ्यांना दिसणारा उजेड देत नाही, पण अवरक्त किरण सतत बाहेर टाकत असतो. सारख्याच आकाराचा पृष्ठभाग घेतला तर वितळलेलं लोखंड चहापेक्षा शेकडो पट प्रारण सोडतं. म्हणून लोखंडाचं आपल्याला कळतं आणि चहाचं कळत नाही. पण लोखंडाला मिनिटभरात साच्यात जायचं असतं, चहाला सात तास काढायचे असतात. एवढ्या वेळात ती थोडीथोडी गळतीही भारी पडते.

भट्टीजवळचे कामगार चकचकीत, चंदेरी कापडाचा अॅप्रन घालतात. चकचकीत धातू प्रारण परत फेकतो आणि स्वतःही फार कमी सोडतो. काचेच्या फ्लास्कमध्ये आत चांदीचा मुलामा असतो तो ह्याच कारणासाठी. स्टीलच्या चांगल्या फ्लास्कमध्ये दोन भिंतींच्या मधल्या बाजूला तांब्याचा पातळ थर देतात किंवा पत्रा घासून चकचकीत करतात. तो थर बाहेरून दिसत नाही. दिसण्यासाठी तो असतही नाही.

हिशोब करून पाहू. तीन लिटरच्या फ्लास्कची आतली भिंत साधारण एक दशांश चौरस मीटर भरते. आत ८० अंश, बाहेर १८. भिंती साध्या काचेच्या असत्या तर नुसत्या प्रारणाने चाळीसेक वॅट बाहेर गेले असते. त्याच भिंतींवर चांदीचा मुलामा दिला की हा आकडा एका वॅटच्याही खाली येतो. म्हणजे गळतीचे पन्नास भाग केले तर मुलामा त्यातला जेमतेम एक भाग बाहेर जाऊ देतो. मुलाम्याची जाडी केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते, आणि तरीही तो एवढं काम करतो. मला हे दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

मग मामांचा जुना फ्लास्क आतून आरशासारखा चमकत असूनही का हरला?

कारण मुलाम्याचा उपयोग दोन भिंतींच्या मध्ये काही नसेल तरच होतो. तिथं हवा असली तर ती आतल्या भिंतीला चिकटून तापते आणि ती उष्णता बाहेरच्या भिंतीला नेऊन देते. भिंतींमधलं अंतर पाचेक मिलिमीटरचं धरलं, तर एवढ्या हवेतूनच तीसेक वॅट निघून जातात. भरलेल्या तीन लिटर चहाला त्यामुळे तासाला आठ-दहा अंशांचा फटका बसतो. ही उष्णता बाहेरच्या अंगावर येते, आणि कुत्र्याला ती बरोबर सापडली होती.

मामांनी तो जुना फ्लास्क अजून टाकला नव्हता. मी मागवून घेतला, बुडाचा स्क्रू काढला आणि काचेची रिफिल उलटी धरली. रिफिलच्या बुडाला काचेचं एक छोटं टोक असतं, पेन्सिलच्या शिसाएवढं. कारखान्यात त्या टोकातूनच भिंतींमधली हवा पंपाने ओढून घेतात आणि मग ज्योतीवर ते टोक वितळवून बंद करतात. मामांच्या रिफिलचं ते टोक तडकलेलं होतं. तडा एवढा बारीक होता की रिफिल फुटली नाही, ठिकरी उडाली नाही, आवाजही झाला नाही. हवा हळूहळू आत शिरली आणि फ्लास्क बिचारा नुसतं चमकदार भांडं होऊन बसला.

घरचा फ्लास्क तपासायचा असेल तर हीच खूण धरा. उकळतं पाणी भरा, झाकण लावा, दहा-पंधरा मिनिटांनी हात लावून पाहा. झाकण आणि गळ्याचा भाग जरा उबदार लागणारच, त्यात काळजीचं काही नाही. पण मधलं अंग किंवा बूड गरम लागलं तर पोकळी गेली. स्टीलचा असेल तर तो दुरुस्त होत नाही, काचेचा असेल तर रिफिल बदलता येते.

आता पोकळीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिची गोष्ट दिसते तेवढी साधी नाही. मुलांना मी विचारायचो, "दोन भिंतींमधली निम्मी हवा काढून टाकली तर गळती किती होईल?" सगळे म्हणायचे, निम्मी. बरोबर उत्तर आहे: जवळजवळ तेवढीच. निम्मीच काय, ९९ टक्के हवा काढली तरी फारसा फरक पडत नाही. हे आधी गणिताने दाखवलं जेम्स क्लर्क मॅक्सवेलने, १८६० च्या सुमारास.

असं का, ते बघा. जोतिबाच्या यात्रेत डोंगरावर खच्चून गर्दी आहे. खालच्या पायरीवरून वरच्या माणसाला निरोप पोचवायचा आहे. प्रत्येक जण वीतभर सरकतो, शेजाऱ्याला धडकतो आणि निरोप त्याच्या कानात घालतो. आता निम्मी माणसं घरी गेली. निरोप नेणारे निम्मे झाले, पण वाट मोकळी झाल्यामुळे प्रत्येक जण दुप्पट लांब जाऊन मगच दुसऱ्याला भेटतो. एकूण निरोप तेवढेच पोचतात. हवेचे रेणू उष्णतेचा निरोप असाच नेतात. नेहमीच्या हवेत रेणू एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत जेमतेम ७० नॅनोमीटर जातो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रेणू कमी करत गेलं की हे अंतर वाढत जातं, आणि गळती तशीच राहते.

हे कुठं थांबतं? गर्दी इतकी विरळ झाली की माणूस वाटेत कुणालाही न भेटता थेट खालून वर जाऊ लागतो, तिथं. वाट त्याहून लांब होऊ शकत नाही. आता मात्र माणसं कमी केली की निरोप खरोखर कमी होतात. पाच मिलिमीटरच्या फटीत हा टप्पा येण्यासाठी दाब वातावरणाच्या सत्तर हजाराव्या भागावर आणावा लागतो, आणि फ्लास्क चांगला व्हायचा तर त्याच्याही बऱ्याच खाली. म्हणून अर्धवट पोकळी ही पोकळी नसल्यासारखीच. म्हणूनच बारीकसा तडा पुरेसा होतो. आणि म्हणूनच स्टीलच्या फ्लास्कमध्ये भिंतींच्या मध्ये एक विशेष गोळी ठेवतात, जी धातूतून वर्षानुवर्षं झिरपणारे वायू शोषून घेते.

ही दुहेरी भिंत चहासाठी जन्मलीच नव्हती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स ड्युअर द्रवरूप ऑक्सिजनवर काम करत होता. तो उणे १८३ अंशांना उकळतो, म्हणजे साध्या भांड्यात ठेवला की खोलीच्या उष्णतेनेच उकळून संपतो. १८९२ मध्ये ड्युअरने त्यासाठी मध्ये पोकळी असलेलं दुपदरी काचेचं भांडं केलं. बाहेरची उष्णता आत येऊ नये हा हेतू होता. आतली बाहेर जाऊ न देणं हे त्याच कामाचं दुसरं तोंड, भांड्याला दोन्ही सारखंच. ड्युअरने पेटंट घेतलं नाही. राइनहोल्ड बर्गर नावाच्या जर्मन काचकारागिराला मात्र ह्या भांड्याचा घरगुती उपयोग दिसला आणि १९०४ पासून ते 'थर्मॉस' ह्या नावाने विकलं जाऊ लागलं. ग्रीकमध्ये उष्णतेला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आलं. ड्युअर कोर्टात गेला आणि हरला. आपण 'थर्मास' म्हणतो ते त्या कंपनीचं नाव आहे, भांड्याला प्रयोगशाळेत आजही ड्युअरच म्हणतात.

तर भिंती सांभाळल्या. मग उष्णता जाते कुठून? मामांच्या नव्या फ्लास्कमधून ती गळ्यातून आणि झाकणातून जाते. आतली भिंत आणि बाहेरची भिंत कुठंतरी जोडलेली असणारच, नाहीतर आतलं भांडं हवेत कसं लटकेल? ती जोडलेली असतात फक्त गळ्यापाशी. स्टीलच्या त्या पातळ कड्यातून उष्णता वर चढते आणि बाहेरच्या अंगावर उतरते. वर झाकण. त्याच्या आट्यांमधून थोडी वाफही निसटते. म्हणून फ्लास्कचा गळा जितका अरुंद तितकं बरं, आणि म्हणूनच रुंद तोंडाचा डबा फ्लास्कच्या तोडीचा कधी होत नाही.

नव्या फ्लास्कमधून एकूण किती जातं, हे मी मोजूनच काढलं. विद्यार्थ्याने दिलेला फ्लास्क अकरा वाजता त्याच चहाने काठोकाठ भरला आणि सहापर्यंत उघडला नाही. ८८ वरून तो ७५ वर आला. सात तासांत १३ अंश, म्हणजे तासाला दोनाहून थोडं कमी. तीन लिटर चहाला एक अंश उतरायला साडेबारा हजार ज्यूल गमवावे लागतात. त्या हिशोबाने गळती सुमारे साडेसहा वॅटची. घरातला छोटा एलईडी दिवा घेतो तेवढी. गळा आणि झाकण असणारच, त्यामुळे हा आकडा शून्य होणं शक्य नाही. 'कधीच थंड होत नाही' हे वाक्य इथंच निकालात निघतं. पण रात्रभर न उघडता ७५ अंश, हा खरा आकडाही कमी प्रतीचा नाही.

मामांच्या फ्लास्कमध्ये मात्र पहाटे पाचला ६४ अंश होते. तसाच फ्लास्क, तोच चहा, तीच रात्र.

इथं मामांचा धंदा समजून घ्यावा लागतो. चार फ्लास्कपैकी तीन रात्री दीडच्या आणि चारच्या सुट्टीत अर्ध्या तासात रिकामे होतात. त्यांचा प्रश्नच नाही. प्रश्न चौथ्याचा. वॉचमन येतो, ट्रकवाला येतो, भट्टीवरचा एखादा पाच मिनिटं बाहेर येतो, असे एकेक करून त्यातून चहा घेतात. दोन वाजता त्यात दोन लिटरला थोडा कमी चहा होता आणि आकडा ८० होता. पाचला अर्ध्या लिटरच्या आसपास उरला होता.

मला वाटलं होतं की सारखं झाकण उघडल्यामुळे उष्णता जात असेल. तसं म्हणणारे खूप भेटतात. पण हिशोब वेगळं सांगतो. एक कटिंग ओतला की आत सत्तर मिलिलिटर थंड हवा जाते. हवा इतकी हलकी असते की तिला तापवायला आणि वाफेने भरायला पन्नास-साठ ज्यूल पुरतात, चहाच्या साठ्यापुढं ते काहीच नाही. झाकण काढून गप्पा मारत बसलं तर गोष्ट निराळी, कारण तेव्हा वाफ सतत जाते, आणि एक ग्रॅम वाफ स्वतःबरोबर २३०० ज्यूल घेऊन जाते. मामा झाकण अर्धा आटा फिरवतात, ओततात आणि लगेच आवळतात. त्यांच्या हातात काही चूक नव्हती.

चूक साठ्यात होती. गळा आणि झाकण तासाला तेवीस-चोवीस हजार ज्यूल घेतात, आत चहा कितीही असो. हा दंड तीन लिटर चहाने मिळून भरला तर प्रत्येक थेंबाच्या वाट्याला दोन अंश येतात. आत एकच लिटर उरला असेल तर तोच दंड त्याने एकट्याने भरायचा, म्हणजे तासाला सहा अंशांच्या जवळपास. अर्धा लिटर उरला की आणखी वाईट. चाळीच्या पाण्याचं बिल सगळ्यांनी वाटून भरायचं आणि एकेक भाडेकरू खोली सोडून जायचा, तसं हे आहे. शेवटी उरलेल्याला ते झेपत नाही.

मग दोन छोटे फ्लास्क घ्यावेत का? मी तोही हिशोब घातला. फायदा होत नाही, कारण गळे दोन होतात आणि प्रत्येकाच्या मागे चहा कमी राहतो. उपाय त्याहून सोपा निघाला. चारच्या सुट्टीला जेव्हा गर्दी येते, तेव्हा आधी ह्या अर्ध्या रिकाम्या फ्लास्कमधला चहा संपवायचा आणि पहाटेच्या एकेकट्या गिऱ्हाइकांसाठी न उघडलेला फ्लास्क काढायचा. चार वाजता त्याच्यात ७८ च्या आसपास अंश असतात. मामा आजवर उलटं करत होते. गर्दीला नवा कोरा फ्लास्क उघडायचे, कारण जोरात धार पडते आणि हात भराभर चालतो.

ही गोष्ट मला इथंच संपली असं वाटलं होतं, पण पाचच्या सुमारास एक भट्टीवाला आला, घोट घेतला आणि म्हणाला, "मामा, गार झालाय की." मी काडी त्याच्या ग्लासात घातली. ५१! फ्लास्कमध्ये ६४ आणि ग्लासात ५१. न उघडलेल्या फ्लास्कला सात तासांत जेवढे अंश गमवायला लागले, तेवढे त्या ग्लासाने बघता बघता घेतले होते.

मामांचे ग्लास जाड बुडाचे काचेचे. समोरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर दुसऱ्या दिवशी एक वजन केला, १२० ग्रॅम भरला. त्यात ७० मिलिलिटर चहा. काचेला एक अंश तापायला पाण्याच्या मानाने पाचव्या हिश्श्याचीच उष्णता लागते, पण इथं काच चहापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट जड आहे आणि १६ अंशांच्या बादलीतून नुकती निघाली आहे. दोघांची वाटणी होऊन तापमान जिथं स्थिरावतं ते ५२ च्या जवळपास येतं, आणि मोजलेलं ५१ त्याला धरून आहे. चहा गरम आहे की गार, हे आपण ओठांवर ठरवतो, आणि ओठ ठरवतात तेव्हा निम्मा निकाल ग्लासाने आधीच लावलेला असतो.

मी मामांना म्हटलं, "एक करून बघूया का? एका किटलीत नुसतं गरम पाणी ठेवा. ग्लास बादलीत विसळला की शेवटी त्या गरम पाण्यात बुडवून काढा."

"एवढ्यानं काय हुतंय?" म्हणाले, पण केलं. पुढचा चहा त्याच फ्लास्कमधून, त्याच ६४ अंशांचा. ग्लासात ६०.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःसाठी एक अर्धा भरला, प्याला, आणि मग थेट शेगडीवाल्याला फोन लावून छोटी शेगडी मिळेल का विचारलं. पहाटेच्या साडेपाचला.

एक गोष्ट मात्र मी त्यांना बजावून सांगितली, आणि इथंही सांगतो, कारण फ्लास्क चांगला असला की लोक हे विसरतात. दुधाच्या चहाला खालची मर्यादा आहे. दूध उकळलं तरी काही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. बॅसिलस सेरियस हा त्यातला एक. चहा ६० अंशांच्या वर आहे तोवर ते वाढू शकत नाहीत. त्याच्या खाली, कोमट चहात, तेच बीजाणू जागे होतात, आणि फ्लास्क ती कोमट अवस्था तासन्‌तास टिकवून ठेवतो. पहाटेचा ६४ चा चहा ठीक होता, पण तो सकाळी दहापर्यंत ठेवून प्यायला नको. उरलेल्यावर ताजा चहा ओतणं तर अजिबात नको. आणि झाकणातली रबरी चकती रोज काढून धुवायची, तिच्या खाचेत दूध साचतं. मामा म्हणाले, ती चकती निघते हेच त्यांना माहीत नव्हतं. आम्ही चमच्याच्या दांड्याने काढली. आतून जो वास आला, त्यावरून अधिक सांगायची गरज उरली नाही.

आठवड्याभराने मी विद्यार्थ्याला जाहिरातीची गोष्ट दिली. ती अशी:

"शिरोलीच्या फाटकाशी मामा रात्री अकराला चहा आणतात. फ्लास्क भरतात तेव्हा आकडा ८८ असतो. दोन वाजता ट्रक येतो, ड्रायव्हर खाली उतरतो, हात चोळतो. मामा झाकण अर्धा आटा फिरवतात. ८० अंश. चार वाजता भोंगा होतो, भट्टीवरची पोरं घाम पुसत बाहेर येतात आणि थंडीत कुडकुडतात. मामा न उघडलेला फ्लास्क तसाच बाजूला ठेवतात, आधी जुना रिकामा करतात. पाचला वॉचमन येतो. 'मामा, उरलाय का?' मामा ग्लास गरम पाण्यातून काढतात, पुसतात, आणि आता कुठं नवा फ्लास्क उघडतात. वाफ वर येते. 'भरून सहा तास झालं बघ,' मामा म्हणतात. वॉचमन फुंकर घालतो. तीन लिटर, दुहेरी भिंत. न उघडता ठेवला तर सात तासांनी ७५ अंश. आम्ही मोजलंय."

विद्यार्थ्याने दोनदा वाचली. "सर, 'कधीच थंड होत नाही' हे कुठं आहे?"

"नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात घेऊ?"

मी म्हटलं, घे. आणि खाली बारीक अक्षरात तपासायची खूणही छाप: उकळतं पाणी भरा, पंधरा मिनिटं थांबा, मधल्या अंगाला हात लावा. गरम लागला तर फ्लास्क दुकानात परत आणा.

त्याने तेही छापलं. जानेवारीत दोन फ्लास्क परत आले. दोन्हींचं मधलं अंग गरम लागत होतं. त्याने दोन्ही बदलून दिले.